चष्म्याची लेन्स सारखी निघतेय? फेविक्विक लावू नकोस

अरे, तुझी फ्रेम अ‍ॅसिटेटची म्हणजे जाड प्लॅस्टिकची आहे ना, मग आधी सांग चष्मा गाडीत डॅशबोर्डवर ठेवतोस का, कारण मुंबईच्या मे महिन्यात बंद गाडी इतकी तापते की प्लॅस्टिक मऊ पडून रिम थोडी पसरते आणि लेन्स ज्या खाचेत बसते ती सैल होते. त्यात रोज एका हाताने चष्मा काढायची सवय असेल तर रिम अजून वाकते, मग नुसतं पुसताना पण लेन्स बाहेर.

घरी अंगठ्याने दाबून बसवू नकोस, कडेला टवका उडतो. फेविक्विक तर नकोच, त्याच्या वाफेने काचेवर पांढरट थर येतो. गरम पाणी पण नको, कोटिंगला बारीक भेगा पडतात.

लेन्स कपड्यात गुंडाळून ऑप्टिशियनकडे ने. तो फक्त रिम हीटरवर गरम करून लेन्स सहसा पुढच्या बाजूने बसवतो. सिलिंडर नंबर असेल तर अ‍ॅक्सिस, म्हणजे त्या नंबरचा कोन, मशीनवर तपासून घे हं, गोल फ्रेममध्ये लेन्स जराशी फिरली तरी धूसर दिसतं, डोकं दुखतं. बसवूनही बोटाने हलली तर खाच गेलेली असू शकते, मग फ्रेम बदलावी लागेल का ते त्यालाच विचार.