स्कूटरच्या नंबरवर 2000 रुपयांचं इ-चलन: भरावं की हरकत घ्यावी?

प्रश्न: माझ्या स्कूटरच्या नंबरवर वेगमर्यादेचं चलन आलंय. कलम 112/183(1), दंड 2000. त्या दिवशी मी त्या रस्त्याला गेलोच नव्हतो. कटकट नको म्हणून भरून टाकू का?

उत्तर: आत्ता भरू नका. चलन भरणं म्हणजे गुन्हा मान्य करून तडजोडीने मिटवणं. एकदा भरलं की 'ती गाडी माझी नव्हतीच' हे सांगायला जागा उरत नाही. हरकत घ्यायची असेल तर ती पैसे भरायच्या आधीच.

मी टुरिस्ट गाड्यांच्या ऑफिसात चलनांचं काम बघतो. तुमच्या नोटिशीत मला पहिल्यांदा खटकली ती रक्कम. कलमांची जोडी अशी वाचायची: पहिला आकडा म्हणजे कोणता नियम मोडला, दुसरा म्हणजे त्याची शिक्षा कुठे सांगितली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 112 वेगमर्यादेचं, आणि ती ओलांडल्याचा दंड 183 मध्ये. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून या गुन्ह्याची तडजोड रक्कम वाहनाच्या प्रकारानुसार ठरलेली आहे. दुचाकी आणि तीनचाकीला 1000, कारसारख्या हलक्या वाहनाला 2000, ट्रक-बसला 4000. म्हणजे तुमच्या चलनात कारचा दंड लागला आहे. नंबर तुमचा, गाडी दुसऱ्याची असण्याची दाट शक्यता आहे. तरी नुसत्या रकमेवर विसंबू नका, फोटो बघा.

mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलन फोटोसकट दिसतं. मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. चलनाच्या नावाने ॲप डाउनलोड करायला लावणारे मेसेज सरळ फसवणुकीचे असतात. फोटो मोठा करून नंबरप्लेट एकेक अक्षर वाचा. कॅमेऱ्याची गल्लत बहुतेक 8 आणि B, 0 आणि D अशा जोड्यांत होते. अक्षर वेगळं निघालं तर चूक वाचण्यातली. प्लेटवर हुबेहूब तुमचाच नंबर असेल आणि खाली कार असेल, तर कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय, आणि ते जास्त गंभीर आहे.

कॅमेऱ्याच्या चलनासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167A हा नियम आहे. गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणतं कलम मोडलं हे नोटिशीत हवं. गुन्हा घडल्यापासून 15 दिवसांत नोटीस पाठवायची असंही त्यात आहे. म्हणून दोन तारखा वेगवेगळ्या टिपून ठेवा: गुन्ह्याची आणि चलन तयार झाल्याची. फोटो धूसर असेल किंवा वेगाचा आकडाच नसेल, तर हरकतीत तेच मुद्दे नियमाच्या क्रमांकासह लिहा.

हरकत त्याच संकेतस्थळावर Grievance मधून नोंदवता येते. मजकूर लांबवू नका. असं पुरे: 'चलन क्रमांक अमुक. फोटोतलं वाहन चारचाकी आहे. या नोंदणी क्रमांकाचं माझं वाहन दुचाकी आहे. आरसीची प्रत आणि नंबरप्लेटसह गाडीचा फोटो जोडला आहे. चलन रद्द करावं.' तक्रारीचा क्रमांक आणि पडद्याचा फोटो जपून ठेवा.

मुदत मात्र स्वतंत्र बघा. नोटिशीवर भरण्याची शेवटची तारीख असते. तक्रार केली म्हणजे ती थांबली असं धरून चालू नका. उत्तर आलं नाही तर तारखेआधी वाहतूक शाखेत कागद घेऊन जा आणि पोच घ्या. मुदत उलटली की प्रकरण न्यायालयाकडे जाऊ शकतं. व्हर्च्युअल कोर्टात गेलं असेल तर vcourts.gov.in वर गाडीच्या नंबरने सापडतं. तिथे दोनच वाटा असतात, दंड भरणं किंवा लढणं. लढायचं म्हटलं की केस नेहमीच्या न्यायालयात जाते, आणि ते गुन्हा जिथे दाखवलाय तिथलं असतं. दूरच्या गावचं चलन असेल तर हेलपाटे पडतात, म्हणून आधी तक्रारीतच जोर लावा. लोकअदालतीची नोटीस आली तर ती तडजोडीसाठी असते. कमी रकमेत मिटवणं म्हणजेही भरणंच, आणि तुमची गाडी नसेल तर त्याची गरज नाही.

फोटोत हुबेहूब तुमचा नंबर दिसला, तर चलन रद्द होण्याची वाट न बघता जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. त्या गाडीने उद्या अपघात केला तर पोलीस नंबरावरून तुमच्याच दारात येतील, आणि तेव्हा तक्रारीची आधीची तारीख तुमच्या हातात असायला हवी.