पाव कप मूग, एक कप मोड

"आई, उसळीच्या कृतीत 'एक कप मोड आलेले मूग' लिहिलंय. म्हणजे कोरडे मूग किती घेऊ? आणि भिजवायचे किती वेळ?"

सई बाळा,

पाव कप घे. रात्री भिजव, आठ ते दहा तास पुरतात. मोड यायला त्यापुढे अजून एक दिवस लागेल. म्हणजे रविवारी दुपारी उसळ हवी असेल, तर मूग शुक्रवारी रात्रीच भिजत पडले पाहिजेत.

कप कुठलाही चालेल. फक्त कोरडे मूग ज्या कपाने मोजशील, मोडही त्याच कपाने मोज. आपल्याकडे वाटीने मोजतात ते असंच. वाटी लहान की मोठी याने काही बिघडत नाही, कारण हिशेब पटीचा असतो. कोरड्याचे भिजून दुप्पट किंवा थोडे जास्त होतात आणि मोड आले की साडेतीन ते चार पट.

तुला लिहिण्याआधी परवा मी मुद्दाम मोजून पाहिलं. पाव कप मूग वजनाला ५० ग्रॅम भरले. ते दोनतीनदा धुऊन पाऊण कप पाण्यात ठेवले. सकाळी दाणे टपोरे होऊन अर्ध्या कपाच्या वर आले होते. पाणी काढून टाकलं, पुन्हा एकदा धुतले, चाळणीत चांगले निथळू दिले आणि ओल्या पंचात पुरचुंडी बांधून ठेवली. संध्याकाळी सालं फाटून पांढरं टोक दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोड बोटाच्या अर्ध्या पेराएवढे झाले होते. न दाबता भरले तर कप काठोकाठ भरला, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास.

'न दाबता' हे महत्त्वाचं, आणि मोडाची लांबीही. मोड जितके लांब, तितकी त्यांच्यामध्ये हवा जास्त आणि कपात दाणे कमी. उसळीला मोड आखूडच हवेत, म्हणजे दाणा शाबूत राहतो आणि खाताना मूग लागतो. कुणी नुसता पांढरा टोक दिसणारा मूग वापरत असेल, तर त्याला एका कपासाठी पाव कप पुरणार नाही, कपाचा तिसरा हिस्सा घ्यावा लागेल.

भिजवताना पाणी मुगाच्या तिप्पट घाल, कारण मूग बरंच पाणी पितात आणि वरचे दाणे उघडे पडले तर ते कडकच राहतात. पण बारा तासांच्या पुढे पाण्यात ठेवू नकोस. भिजलेल्या दाण्याला मोड फुटायला हवा लागते. पाण्यात बुडून राहिला तर तो गुदमरतो, पाण्यावर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. म्हणून निथळण्यात घाई करायची नाही. पुरचुंडी ओलसर हवी, पण त्यातून पाणी ठिबकता कामा नये.

तुझ्या आजीकडे उन्हाळ्यात सकाळी बांधलेल्या मुगांना रात्रीपर्यंत मोड दिसायचे. इथे ग्लासगोच्या थंडीत मी पहिल्यांदा मूग बांधले, तेव्हा दुसऱ्या दिवशीही काही हललं नव्हतं. तेव्हापासून मी पुरचुंडी ओव्हनमध्ये ठेवते, ओव्हन न लावता, फक्त आतला दिवा चालू ठेवून. तेवढी ऊब पुरते. तुझ्या स्वयंपाकघरातही हीटर रात्री बंद होतो ना, तू तसंच कर. आणि घरातल्या कुणी चुकून ओव्हन लावू नये म्हणून दारावर चिठ्ठी लाव.

त्याच थंडीत दुसरी चूक झाली ती मापाची. माहेरी सहा माणसांच्या उसळीला दोन वाट्या मूग भिजत, मी सवयीने तेवढेच भिजवले. मोड आल्यावर सात वाट्या झाले, आणि खाणारे आम्ही दोघं. फ्रीजमध्ये चार दिवस ठेवले, पाचव्या दिवशी बुळबुळीत होऊन वास आला, सगळे टाकावे लागले. तशा मुगांना धुऊन, शिजवून वाचवायला जाऊ नकोस. तू आणि तुझी मैत्रीण दोघी जेवणार असाल तर अर्धा कप भिजव, म्हणजे दोन कप मोड, भाकरी किंवा पोळीबरोबर पुरेसे.

एक गोष्ट मूग निथळताना बघ. काही दाणे भिजूनही लहान, गर्द हिरवे आणि खड्यासारखे टणक राहतात. ते गणंग. शिजवूनही ते मऊ होत नाहीत आणि दाताखाली आले तर दात दुखावतो, म्हणून वेचून टाक. जुन्या मुगात गणंग जास्त निघतात. पाकीट वर्षभर पडून असेल तर पाव कपावर एक चमचा जास्तच घे.

मोड कच्चे खायचा मोह आवरायचा. ज्या उबेत मोड फुटतात त्याच उबेत जंतूही वाढतात. उसळ चांगली वाफ येऊन शिजली की काळजी नाही. फोडणीत हिंग घाल, मूग परतून अर्धा कप गरम पाणी आणि झाकण. दहा मिनिटांनी एक दाणा बोटात चेपून बघ.

शुक्रवारी रात्री भिजवलेस की मला फोटो पाठव.

तुझी,
आई