रंग फिकट करू नका, भिंत नीट निवडा

प्रश्न: माझ्या १४ वर्षांच्या मुलाला त्याच्या खोलीत काळा आणि लाल रंग हवा आहे. आम्हा दोघांना शांत, हलके रंग आवडतात. रोज वाद होतो. दोघांचंही समाधान होईल अशी रंगसंगती कुणी सुचवेल का?

उत्तर:

चारही भिंतींना मिळून एकच मधला रंग देऊ नका. बाकी काही ऐकलं नाहीत तरी चालेल, पण हे ऐका.

सांगलीत आमचं रंगाचं दुकान आहे. बाबांच्या नंतर मी बघते आणि शेड काढायच्या मशीनवर स्वतः बसते. आई, वडील आणि मूल काउंटरवर उभं राहून भांडताना मी कायम बघते. बहुतेक वेळा तोडगा एकच निघतो. मुलाने बोट ठेवलेल्या शेडच्या पट्टीवर वडील वर वर सरकत जातात, पार फिकट टोकाला पोचतात आणि म्हणतात, "हाच रंग आहे ना तुझा? मग हा घेऊ, सगळ्या खोलीला." मूल गप्प बसतं. याला समेट म्हणत नाहीत, कारण यात हरतात दोघंही.

माझ्या सख्ख्या दादाने हेच केलं. भाचीला मोरपंखी हवा होता, गडद, निळ्या-हिरव्याच्या मधला, आणि सोबत केशरी. वहिनीला ऑफव्हाइट हवा होता. दादाने मोरपंखीच्या पट्टीतली सगळ्यात वरची शेड निवडली. कार्डावर ती जवळजवळ पांढरीच दिसत होती. मी तेव्हाच सांगितलं होतं, दादा, कार्डावर दिसतोय तसा हा भिंतीवर दिसणार नाही. तो म्हणाला, "तुला विकायला महागाची शेड हवी." हे मला लागलं, आणि अजूनही लागतं.

खोली रंगवून झाली आणि संध्याकाळी वहिनीचा फोन आला की पेंटरने चुकीचा डबा लावला का बघ. डबा बरोबरच होता. झालं असं की चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या की उजेड एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर उडतो. हिरवट निळा रंग प्रत्येक उडीत उजेडातला थोडा तांबडा भाग खातो. तीन-चार उड्यांत उजेडच हिरवट होतो आणि कार्डावरची फिकट छटा भिंतीवर झणझणीत होऊन बसते. खाली पांढऱ्या चकचकीत फरश्या असल्या तर आणखीच. दादाच्या घरी त्याच आहेत. खोली दवाखान्याच्या वॉर्डासारखी दिसायला लागली. वहिनीला शांतता मिळाली नाही, भाचीला तिचा रंग मिळाला नाही.

पुढच्या वर्षी ती खोली पुन्हा केली, तेव्हा मात्र माझ्या म्हणण्याप्रमाणे केली. ते नीट सांगते, कारण तुमच्या घरालाही तेच लागू आहे.

खोली दहा बाय अकराची, उंची साडेनऊ फूट. खिडकी पश्चिमेला आणि तिच्या समोरच्या भिंतीत दार. गडद रंग कुठे द्यायचा हा खरा प्रश्न होता, कुठला द्यायचा हा नव्हे. लोक डोळे झाकून पलंगामागची भिंत निवडतात. मी दाराची भिंत घ्यायला लावली. हॉलमध्ये बसलेल्या आई-वडिलांना दारातून खिडकीची भिंत आणि बाजूच्या भिंतींचे तुकडे दिसतात. दाराची भिंत बाहेरून कधीच दिसत नाही. ती दिसते फक्त खोलीत असलेल्या माणसाला, म्हणजे जिची खोली आहे तिला. पलंगावर पडलं की समोर तिचा मोरपंखी, आणि अभ्यासाचं टेबल उत्तरेच्या फिकट भिंतीकडे तोंड करून. वहिनीला ओट्यापासून हॉलपर्यंत कुठूनही बघितलं तरी शांत खोलीच दिसते.

याच भिंतीची आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे ती आतली भिंत आहे. पश्चिमेची बाहेरची भिंत पावसाळ्यात झोडपून निघते, थोडी जरी ओल आली तरी खार फुटतो. पांढऱ्या भिंतीवर तो लवकर लक्षात येत नाही, पण गडद रंगावर पांढरे ढग उमटतात आणि पुसले तरी परत येतात. दुसरं, दाराच्या भिंतीवर खिडकीचा उजेड समोरून पडतो. खिडकीलगतच्या भिंतींवर तो तिरका घसरत जातो आणि पुट्टीची प्रत्येक लाट, पात्याची प्रत्येक रेघ दाखवतो. गडद रंगात तर जास्तच.

आता बाकीच्या तीन भिंती. वहिनीचा हट्ट क्रीमचा होता. मोरपंखीच्या शेजारी क्रीम ठेवू नका. डोळा निळ्या-हिरव्यावरून सरकून शेजारी गेला की तिथे त्याला विरुद्ध, तांबूस-पिवळी झाक दिसते. क्रीममध्ये मुळातच पिवळेपणा असतो, मग ते जुनाट, धुरकटलेलं वाटतं. आम्ही किंचित हिरवट-करडी झाक असलेला पांढरा घेतला. एकटा बघितला तर थंड वाटतो, पण मोरपंखीला लागून स्वच्छ पांढरा दिसतो, आणि पश्चिमेचं दुपारचं पिवळं ऊन पडलं की आपोआप उबदार होतो. छत साधं पांढरं.

केशरी भिंतीवर येऊ दिला नाही. मोरपंखी आणि केशरी एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे रंग, मोठ्या जागेत शेजारी आले की दोन्ही भडकतात. पुस्तकांच्या रॅकच्या आतल्या पाठीला केशरी ऑइल पेंटचा छोटा डबा पुरला, आणि चादर तिने स्वतः आणली. पुस्तकांच्या फटीतून तो रंग डोकावतो तेव्हा खरंच सुंदर दिसतो.

शेड ठरवताना भिंतीवर ठिपके मारू नका. जुन्या रंगाच्या मधोमध लावलेला नवा रंग जुन्याशी तुलना होऊनच दिसतो, आणि दादाच्या भिंती तर आधीच हिरवट झालेल्या. दोन-अडीच फुटांचे पुठ्ठे किंवा प्लायचे तुकडे घ्या, प्रायमर मारून दोन हात द्या, चारी बाजूंना पांढरी किनार सोडा. मग तो तुकडा ज्या भिंतीसाठी आहे तिथेच उभा करून सकाळी, चारच्या उन्हात आणि रात्री दिवा लावून बघा. आमचा मोरपंखी पांढऱ्या ट्यूबखाली निळ्याकडे झुकायचा आणि पिवळ्या बल्बखाली हिरव्याकडे. भाचीला निळ्याकडचा आवडला, म्हणून खोलीत ट्यूब ठेवली. ज्या शेडवर दादा आणि भाची दुकानात दोन तास भांडले होते, तिचा निकाल घरी त्या पुठ्ठ्याने एका संध्याकाळी लावला.

कामात एकच गोष्ट सांभाळायची असते. गडद शेडच्या बेसमध्ये पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून रंग पहिल्या हातात झाकत नाही. पट्टे दिसतात, लोक घाबरतात, पेंटर घट्ट थर मारतो आणि ओघळ येतात. प्रायमरमध्येच करडा टिंट घालून घ्या, मग तीन पातळ हात द्या, मध्ये पूर्ण वाळू द्या. दाराची जागा वजा करून आमची भिंत साधारण ८५ चौरस फूट होती, तिला तीन हातांत दोन लिटर लागले. सगळा रंग एकदमच काढून घ्या. गडद रंगाची नंतर डागडुजी जमत नाही, थिगळ दिसतंच. फिनिश अगदी मॅट घेऊ नका, दप्तर घासलं की पांढरट चरे उठतात. हलकी चमक असलेला धुता येणारा घ्या, पण मग पॉलिश पेपर नीट मारून घ्या, कारण चमकीत भिंतीचे दोष दिसतात.

तुमच्या लाल-काळ्याचं सांगायचं तर दोन्ही भिंतीवर नको. लाल रंगद्रव्य झाकायला फार कच्चं, चौथा हातही लागतो, आणि शेजारच्या भिंतींवर त्याची गुलाबी झाक पडते. दाराच्या भिंतीला कोळशासारखा गडद करडा द्या. मुलाला तो काळाच वाटेल, आणि निव्वळ काळ्यावर धूळ आणि बोटांचे ठसे जितके दिसतात तितके यावर दिसत नाहीत. बाकी तीन भिंतींना करड्याची हलकी झाक असलेला पांढरा. लाल खुर्चीत, चादरीत, रॅकच्या पाठीत येऊ दे.

एक अट राहिली. खोलीला फक्त डक्टकडची लहान खिडकी असेल तर हे करू नका. खिडकीसमोरची भिंत खोलीला बराच उजेड परत देत असते, ती गडद केली तर दिवसाही दिवा लागेल. अशा वेळी गडद रंग कपाटाच्या दारांना द्या आणि भिंत सोडा. दार आणि खिडकी एकाच भिंतीत असतील तरी ही भिंत चालणार नाही, खिडकीच्या लख्ख चौकोनाभोवती गडद रंग डोळ्यांना टोचतो.

दादा अजूनही म्हणतो, मुलांची आवड चार दिवसांची, घर माझं आहे, उद्या विकायचं झालं तर काय? त्याला मी दरवेळी हिशोबच दाखवते. ८५ चौरस फुटांची एक भिंत परत पांढरी करायला प्रायमरचा एक हात आणि वर रंगाचे दोन-तीन हात लागतात, फर्निचर सरकवून एका पेंटरचं एक-दोन दिवसांचं काम. त्याने स्वतः निवडलेल्या फिकट शेडच्या चार भिंती आणि छताच्या कडा बदलायला याच्या कितीतरी पट खर्च आला, आणि तोही वर्षाच्या आत. तेव्हा घरी बोलणी करताना रंगावर करू नका, भिंतीवर करा. एक भिंत मुलाची, तिथे शेवटचा शब्द त्याचा, अगदी तुम्हाला पटला नाही तरी. तीन भिंती आणि छत तुमचं, तिथे त्याने पोस्टरही विचारून लावायचं. आणि शेड काढायला येताना त्याला सोबत आणा, डबा उघडून रंग त्याने बघितल्याशिवाय दुकानातून हलू नका.