डायनीन फक्त सरकवतो, मग सिलिया वाकते कशी?

प्रश्न: सर, बीएस्सीला आहे, कोल्हापुरातच. ९+२ ची आकृती पाठ झालीय, नऊ डबलेट, मधे दोन, डायनीन आर्म, सगळं काढता येतं. पण पुस्तकात लिहिलंय की डायनीन एका डबलेटला दुसऱ्यावरून सरकवतो. सरकलं तर लांबी वाढायला पाहिजे ना, वाकतं कुठून? आणि मधल्या दोन नळ्या नक्की कशाला असतात?

उत्तर:

भावा, बरोबर जागी बोट ठेवलंयस. आमच्या लॅबमधे प्रॅक्टिकलला येणारी बहुतेक पोरं आकृती सुंदर काढतात आणि नेमकं इथंच अडकतात, कारण आकृती हा आडवा छेद आहे आणि वाकणं घडतं लांबीच्या दिशेनं, म्हणजे कागदावर जे दिसतच नाही तिथं.

आधी एक कर. दोनशे पानी वही घे, बाइंडिंगची बाजू एका हातात गच्च धर आणि वही वाकव. मोकळ्या बाजूला पानांच्या कडा बघ, जिना झाला असेल. आतल्या बाजूची पानं पुढं आलेली, बाहेरच्या बाजूची मागं राहिलेली. एकही पान लांब किंवा आखूड झालं नाही, फक्त एकमेकांवरून सरकली. आता हेच उलट्या बाजूनं विचार कर, बाइंडिंग पक्कं आहे आणि कुणीतरी आतून पानं एकमेकांवरून जबरदस्तीनं सरकवतंय, तर वहीला वाकण्याशिवाय दुसरा मार्गच नाही. सिलियात पानांच्या जागी डबलेट आहेत, बाइंडिंगच्या जागी बेसल बॉडी आहे आणि सरकवणारा डायनीन आहे. तुझ्या प्रश्नाचं मूळ उत्तर एवढंच, पण खरी मजा तपशिलात आहे म्हणून पुढं लिहितोय.

पीटर सॅटिर यांनी १९६० च्या दशकात नेमका हा जिना शोधला. शिंपल्याच्या गिलवरच्या सिलिया वेगवेगळ्या अवस्थेत फिक्स केल्या आणि टोकाजवळचे छेद इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितले. वाकलेल्या सिलियात आतल्या बाजूचे डबलेट टोकाकडं जास्त पुढं आलेले, उलट्या बाजूला वाकलेल्या सिलियात बरोबर त्याच्या उलट. डबलेट स्वतः आखडत असते तर हा जिना असा दिसलाच नसता. आकुंचनाची कल्पना तिथंच मागं पडली.

आता रचना, पण फक्त लागते तेवढीच. प्रत्येक डबलेटमधे ए नळी पूर्ण गोल असते, १३ प्रोटोफिलामेंटची, आणि बी नळी अर्धवट, १० प्रोटोफिलामेंटची, ए ला चिकटलेली. डायनीनचे आर्म ए नळीवर कायमचे बसवलेले असतात, बाहेरची रांग आणि आतली रांग, आणि त्यांचा मोकळा पाय शेजारच्या डबलेटच्या बी नळीला धरतो. परीक्षेत आर्म दोन्ही बाजूंना काढणारे लई जण भेटतात, ते चूक आहे. सगळे आर्म एकाच दिशेला बघतात, बुडाकडून टोकाकडं पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. ही दिशा लक्षात ठेव, थोड्या वेळानं लागणार आहे.

डायनीनचं काम असं चालतं की एटीपी येऊन बसला की पाय बी नळीवरून सुटतो, एटीपी फुटला की डोकं पुन्हा ताणून तयार होतं, पाय जरा बुडाच्या बाजूला जाऊन पुन्हा धरतो, आणि मग फॉस्फेट सुटताना जोराचा हिसका बसतो. डायनीनची चाल नेहमी मायक्रोट्यूब्यूलच्या मायनस टोकाकडं, म्हणजे सिलियात बुडाकडं. पण तो स्वतः ए नळीला बांधलेला आहे, त्यामुळं तो पुढं जात नाही, शेजारचं डबलेट टोकाकडं ढकललं जातं. एटीपी संपला तर काय होतं तेही बघण्यासारखं आहे. पाय सुटतच नाही, सगळे आर्म धरूनच बसतात, आणि १९७४ मधे गिबन्स दांपत्यानं सी अर्चिनच्या शुक्राणूंवर दाखवलं की एटीपी एकदम पातळ केला तर शेपूट ज्या लाटेत होती त्याच वाकड्या आकारात ताठ होऊन राहते.

आता तू म्हणतोस तसं सरकून लांबी वाढते का? वाढते की! पण कधी, ते महत्त्वाचं. १९७१ मधे समर्स आणि इयन गिबन्स यांनी सी अर्चिनच्या शुक्राणूंच्या शेपट्या घेतल्या, डिटर्जंटनं त्यावरचं मेंब्रेन काढून टाकलं आणि उरलेल्या ॲक्सोनीमला एटीपी दिला. बाकी पेशी नाही, मेंब्रेन नाही, तरी व्यवस्थित लाटा मारत पोहायला लागला, म्हणजे यंत्र पूर्णपणे आतच आहे. मग दुसऱ्या वेळी एटीपी द्यायच्या आधी थोडं ट्रिप्सिन दिलं. ट्रिप्सिननं डबलेटना डबलेटशी बांधणारे नेक्सिनचे दुवे आणि रेडियल स्पोक कापले, डायनीन मात्र बराचसा शाबूत राहिला. आता एटीपी दिल्यावर वाकणं बंद, डबलेट एकमेकांवरून सरकत बाहेर निघत गेले आणि ॲक्सोनीम मूळ लांबीच्या कितीतरी पट लांब झाला. म्हणजे मोटर एकच, एटीपी तोच, दुवे असले तर वाकतं आणि दुवे कापले तर लांब होतं. तुझी शंका आणि तिचं उत्तर दोन्ही या एका प्रयोगात आहेत. मला विचारशील तर या विषयात एकच प्रयोग पाठ करायचा झाला तर हा कर.

आकडा काढून बघू म्हणजे पटेल. श्वासनलिकेतली सिलिया साधारण ६ मायक्रॉन लांब. ॲक्सोनीमच्या एका बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंतचं अंतर अंदाजे ०.१८ मायक्रॉन धर. सरकण्याचं गणित सोपं आहे, रुंदी गुणिले वाकण्याचा कोन, कोन रेडियनमधे. काटकोनात वाकली तर १.५७ गुणिले ०.१८, म्हणजे सुमारे ०.२८ मायक्रॉन, २८० नॅनोमीटर. लांबीच्या पाच टक्केसुद्धा नाही. आणि हे सगळं एका जोडीला करायचं नाही, एका बाजूनं समोर जाताना मधे चारेक जोड्या येतात, म्हणजे जोडीमागं सरासरी ७० नॅनोमीटर. डायनीनचं एक पाऊल ८ नॅनोमीटरच्या घरातलं, म्हणजे नऊ-दहा पावलांत काम झालं. म्हणून सिलिया सेकंदाला दहा-बारा वेळा हलू शकते. कोनावर लक्ष दे, लांबी या गणितात येतच नाही. शुक्राणूची ५० मायक्रॉनची शेपूट असली तरी काटकोनाच्या एका वळणाला तेवढंच सरकावं लागतं.

आता पुढची अडचण, आणि ही बऱ्याच पुस्तकांत लिहिलेलीच नसते. मघाशी म्हणालो आर्मची दिशा लक्षात ठेव. एक नंबरचं डबलेट दोनला टोकाकडं ढकलतं, दोन तीनला, तीन चारला, असं करत नऊ पुन्हा एकला. सगळे एकाच वेळी सारख्या जोरानं लागले तर? प्रत्येक डबलेट जेवढं पुढं ढकललं जातं तेवढंच मागं रेटलं जातं, गोल पूर्ण होतो आणि बेरीज शून्य. ताकद खर्च होते, सिलिया जागची हलत नाही. म्हणून वाकायला एका वेळी एकाच बाजूचे डायनीन वरचढ ठरले पाहिजेत. ढोबळमानानं २, ३, ४ कडचे लागले की एकीकडं वाकते, ६ ते ९ कडचे लागले की उलट बाजूला. हा बदल एका टोकाकडून दुसऱ्याकडं पसरत गेला की लाट दिसते. २०१८ मधे लिन आणि निकॅस्ट्रो यांनी पोहत असलेले सी अर्चिनचे शुक्राणू एका झटक्यात गोठवून क्रायो इलेक्ट्रॉन टोमोग्राफीनं बघितले तर चित्र आणखी स्पष्ट झालं, बहुतेक डायनीन चालूच्या अवस्थेत होते आणि वाकण्याच्या हिशोबानं एका बाजूचे दाबून धरलेले होते. म्हणजे निवड 'कुणाला चालू करायचं' यापेक्षा 'कुणाला थांबवायचं' अशी असावी.

तर मधल्या दोन नळ्या. त्या ढकलत नाहीत, त्यांच्यावर डायनीन नसतोच. नऊ डबलेटकडून आत येणारे रेडियल स्पोक या जोडीच्या बाहेर आलेल्या भागांना टेकतात, आणि या जोडीच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्यामुळं कुठल्या बाजूच्या स्पोकवर कसा दाब येतो त्यावर त्या बाजूचे डायनीन सुटतात किंवा थांबतात. पुरावा क्लॅमिडोमोनास या शेवाळाचा. पीएफ १८ या म्युटंटमधे मधली जोडीच नसते, पीएफ १४ मधे स्पोक नसतात, दोघांचेही डायनीन शाबूत, तरी फ्लॅजेला लुळे पडलेले. उलट ज्या म्युटंटमधे फक्त बाहेरचे डायनीन आर्म नसतात ते पोहतात, फक्त हळू, कारण त्यांचा बीटचा वेग कमी होतो. यावरून बाहेरचे आर्म मुख्यतः वेग आणि ताकद देतात आणि वळणाचा आकार बराचसा आतल्या आर्मवर अवलंबून असतो असं मानतात.

पण मधली जोडी म्हणजे हालचालीसाठी अट आहे असं परीक्षेत लिहू नकोस. ईल माशाच्या शुक्राणूत मधली जोडी नाही, स्पोक नाहीत, बाहेरचे आर्मही नाहीत, तरी शेपूट वळवळते, पण मळसूत्रासारखी, एका प्रतलात नाही. जोडी असली की वळण बहुतेक एका ठराविक प्रतलात बांधलं जातं, पुढचा जोरदार फटका आणि परतीचा सावकाश वळसा असा, आणि श्वासनलिकेतला कफ वर ढकलायला तोच लागतो.

बॅक्टेरियाचं फ्लॅजेलम यात मिसळू नकोस. ते फ्लॅजेलिनचं असतं, बुडातली मोटर ते गरगर फिरवते, एटीपी नाही, डायनीन नाही, ९+२ तर नाहीच.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर नदीतल्या शिंपल्याच्या गिलचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा स्लाइडवर त्याच पाण्याच्या थेंबात ठेव, कव्हरस्लिप लाव आणि ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली कडेला बघ, डायफ्रॅम जरा बंद कर नाहीतर कॉन्ट्रास्ट मिळत नाही. ताज्या तुकड्यावर लाट पळताना दिसते, वेळ गेला की मंदावते आणि तेव्हा एकेका सिलियाचा पुढचा आणि परतीचा वळसा वेगळा ओळखता येतो.

शेवटचं, माणसातला पुरावा. १९७६ मधे अफ्झेलियस यांनी वारंवार छाती भरणाऱ्या आणि हलत नसलेले शुक्राणू असलेल्या रुग्णांत डायनीन आर्मच नसल्याचं दाखवलं. या आजारात साधारण निम्म्या रुग्णांचं हृदय उजवीकडं असतं, कारण गर्भात डावं-उजवं ठरवणाऱ्या सिलियाही डायनीननंच फिरतात. पण त्या सिलियात मधली जोडी नि स्पोक नसतात. म्हणून ज्यांचे स्पोकचे जीन बिघडलेले असतात त्यांना कफाचा त्रास तसाच होतो, हृदय मात्र डावीकडंच असतं. आणि काही रुग्णांत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं चित्र अगदी पुस्तकासारखं ९+२ येतं, आर्म जागेवर दिसतात, तरी सिलिया नीट वाकत नाही, त्यामुळं डॉक्टर नुसत्या छेदावर थांबत नाहीत, हालचालीचा हायस्पीड व्हिडिओ बघतात, नाकातलं नायट्रिक ऑक्साइड मोजतात आणि जीनही तपासतात.