‘अवक्षेपक’ म्हणताना धूळ खाली पडते का?

प्रश्न: “औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातली राख पकडणाऱ्या इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटरला मराठीत ‘स्थिरविद्युत अवक्षेपक’ म्हणतात. अवक्षेप म्हणजे तर परीक्षानळीत तळाशी बसणारा साका. या यंत्रात राख खाली बसते का? नसेल तर शब्द चुकला का? आणि ‘ड्रिफ्ट’ला काय म्हणावं?”

‘अव’ म्हणजे खाली आणि ‘क्षिप्’ म्हणजे फेकणं, तेव्हा शंका रास्त आहे. राखेचा कण धुरातून सुटतो तो खाली नाही, आडवा जातो. एका कणाचा प्रवास पाहिला की हे स्पष्ट होईल.

पेटीत उंच, सपाट पोलादी प्लेटा समांतर टांगलेल्या असतात. दोन प्लेटांमध्ये साधारण 40 सेंटिमीटरची गल्ली, आणि गल्लीच्या मधोमध तारा. प्लेटा जमिनीला जोडलेल्या, तर तारांना काही दशसहस्र व्होल्टचा ऋण दाब. तारेलगतची हवा तो दाब सोसू शकत नाही. तिथे मंद जांभळट उजेड दिसतो, तोच कोरोना. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनसारख्या रेणूंना चिकटतात आणि हे ऋण आयन प्लेटांकडे धावू लागतात. वाटेत राखेचा कण आला की त्याच्यावर आदळून बसतात. कणावरचा प्रभार वाढत वाढत इतका होतो की तोच नव्या आयनांना परतवून लावतो. 10 मायक्रोमीटर व्यासाच्या कणावर तोवर सुमारे दहा हजार इलेक्ट्रॉन जमलेले असतात.

आता तो प्लेटकडे ओढला जातो. विद्युतक्षेत्र दर सेंटिमीटरला 3000 व्होल्ट आणि धूर दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास धरून मी ढोबळ गणित केलं, तर या कणाचा प्लेटकडे जाण्याचा वेग सेकंदाला 24 सेंटिमीटर येतो. तारेपासून प्लेट 20 सेंटिमीटरवर, म्हणजे एक सेकंदही लागत नाही. तेवढ्या वेळात वजनामुळे तो खाली किती येतो? जेमतेम चार मिलिमीटर. धूर मात्र त्याला पुढे मीटरभर नेतो. प्रत्यक्षात धुरात भोवरे असतात, कण मागेपुढे फेकले जातात, म्हणून पेटी मीटरभर नव्हे, कितीतरी लांब बांधावी लागते. पण पन्नासपट फरक भोवऱ्यांनी पुसला जात नाही. या टप्प्याला ‘खाली बसणं’ म्हणू नये.

कणाच्या प्लेटकडे जाण्यालाच इंग्रजीत ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. त्यासाठी ‘वाहवत जाणं’ तर मला अजिबात पटत नाही. वाहवत जातो तो प्रवाहाबरोबर; इथला कण प्रवाह सोडून आडवा निघतो. साध्या लेखनात ‘प्लेटकडे सरकतो’ किंवा ‘ओढला जातो’ लिहावं. संज्ञाच हवी असेल तर ‘स्थलांतर वेग’ बरा.

मग ‘अव’ खोटा का? नाही, तो पुढच्या टप्प्यात खरा होतो. प्लेटवर राखेचा थर जमतो, ठरावीक वेळाने हातोडे प्लेटेला ठोका देतात आणि थर सुटून खालच्या हॉपरमध्ये पडतो. ठोका फार लवकर दिला तर पातळ थराची पूड होऊन ती पुन्हा धुरात मिसळते. थर पुरेसा जाड झाल्यावर दिला तर तो भिंतीवरच्या जुन्या चुन्यासारखा पापुद्र्यांनी घसरतो. इथे मात्र ‘पडते’ हेच क्रियापद बरोबर आहे.

इंग्रजी शब्दातही हाच गुंता आहे. त्याचं लॅटिन मूळ डोकं खाली करून कोसळण्याचं. फ्रेडरिक कॉट्रेल यांनी कॅलिफोर्नियात हे तंत्र व्यवहारात आणलं ते सल्फ्युरिक आम्लाचं धुकं पकडण्यासाठी. थेंब एकत्र येऊन ओघळणार, तिथे तो शब्द शोभतो. तरी त्यांच्या 1908 च्या पेटंटाच्या शीर्षकात ‘प्रेसिपिटेशन’ नाहीच. वायूत तरंगणारे कण ‘वेगळे करण्याची’ कला, असं ते आहे.

‘चिकटणं’ या शब्दालाही जपून वापरा. थराने आपला प्रभार हळूहळू प्लेटेला द्यायचा असतो. आपल्या कोळशात गंधक कमी असल्याने राखेचा विद्युतरोध पुष्कळदा फार जास्त असतो. मग प्रभार थरातच साठतो, थराच्या आतली हवा फुटते आणि प्लेटकडूनच धन आयन उलटे निघून येणाऱ्या कणांचा प्रभार मारतात. पॅनेलवर हे ओळखू येतं: विद्युतप्रवाह चढतो, व्होल्टेज मात्र उतरतं. याला ‘उलट कोरोना’ म्हणावं. अशा वेळी थर प्लेटवर घट्ट असूनही चिमणीतून धूर दिसतो.

तेव्हा यंत्राचं नाव ‘अवक्षेपक’ राहू द्या, ते रुळलं आहे. कामगारांच्या तोंडी तर ‘ईएसपी’च आहे. वर्णनात मात्र क्रियापदं वेगळी ठेवा: कण प्रभारित होतो, प्लेटकडे सरकतो, थरात बसतो, आणि ठोक्याने थर पडतो.