किनोआ: धान्य म्हणायचं की बी?

‘किनोआच्या पाकिटावर धान्य असं छापलेलं असतं, पण ते धान्य नसून बी आहे असंही वाचलं. खरं काय? आणि त्यात पूर्ण प्रथिनं असतात म्हणजे नेमकं काय?’

मराठीतला ‘धान्य’ हा शब्द मुळातच ऐसपैस आहे. ज्वारीही धान्य आणि मूगही धान्य. नेमकं सांगायचं तर तृणधान्य, कडधान्य असं फोडून सांगावं लागतं. त्यामुळे किनोआला धान्य म्हणायला हरकत नाही, तृणधान्य मात्र म्हणू नये. तृण म्हणजे गवत. गहू, तांदूळ, ज्वारी आणि उपवासाची वरीसुद्धा गवताच्या कुळातली. अँडीज पर्वतातला किनोआ चाकवताच्या प्रजातीतला आणि राजगिऱ्याच्या कुळातला. परिभाषेत अशांना ‘छद्मतृणधान्य’ म्हणतात. बोलताना ‘राजगिऱ्यासारखं धान्य’ म्हटलेलं मला जास्त आवडतं, दुकानदारालाही कळतं.

‘बी’ हा शब्दही काटेकोर नाही. किनोआचा दाणा म्हणजे एकबीजी फळ. धुताना पाण्याला फेस येतो तो या फळाच्या सालीतल्या कडू सॅपोनिनमुळे. फेस थांबेपर्यंत चोळून धुतलं नाही, तर शिजल्यावर कडवटपणा राहतो. पण मग गव्हाचा दाणाही एकबीजी फळच असतो! म्हणजे ‘धान्य नव्हे, बी’ ही जोडीच फसवी. खरा फरक दाणा शिजला की दिसतो. किनोआतून पांढरी शेपटी सुटते, तो त्याचा अंकुर. तो मधल्या पिठूळ भागाला कड्यासारखा वेढून असतो. गव्हात तो दाण्याच्या एका टोकाला बसलेला असतो.

आता ‘पूर्ण’. प्रथिनं ज्यांची बनलेली असतात त्या अमिनो आम्लांपैकी नऊ शरीराला बाहेरून घ्यावीच लागतात. ती नऊही गव्हा-तांदळातही असतात, पण त्यांपैकी लायसीन कमी पडतं. प्रौढांसाठी 100 ग्रॅम प्रथिनांत साधारण 4.5 ग्रॅम लायसीन हवं. गव्हात ते 3 ग्रॅमच्याही आत असतं, किनोआत 5 च्या वर. म्हणून ते ‘पूर्ण’.

गफलत होते ती इथे: हा शब्द अमिनो आम्लांच्या आपसातल्या प्रमाणाबद्दल बोलतो, एकूण साठ्याबद्दल नाही. 50 ग्रॅम कोरडा किनोआ शिजून सुमारे दीडशे ग्रॅम होतो. त्यात प्रथिनं जेमतेम 7 ग्रॅम आणि लायसीन अर्धा ग्रॅमही नाही. 60 किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं आणि 1.8 ग्रॅम लायसीन लागतं. म्हणजे प्रथिनं ‘पूर्ण’ असूनही एका वाटीत दिवसाच्या प्रथिनांच्या गरजेचा सातवा हिस्साच भागतो. ‘समतोल प्रथिनं’ असं छापलं असतं तर हा घोळ झाला नसता. वरण-भातातही हा समतोल साधतो, कारण भाताला कमी पडणारं लायसीन तुरीच्या डाळीत भरपूर असतं.