जुन्या पत्रातले ‘विशेष’ आणि ‘इहिदे सितैन’

प्रश्न : पेशवेकालीन पत्रात “विनंती उपरी येथील कुशल ता। छ १० जमादिलाखर जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत जावे विशेष” असे आहे, शेवटी “सन इहिदे सितैन मया व अलफ”. मला साध्या, आजच्या इंग्रजीत भाषांतर करायचे आहे. शब्दाला शब्द लावला की काहीच अर्थ लागत नाही.

उत्तर : हे वाक्य म्हणजे ठरावीक साचा आहे, तो अख्खा उचलून इंग्रजीत ठेवावा लागतो. मूळ मोडीत विरामचिन्हे नसत आणि शब्दही सुटे लिहीत नसत. त्यामुळे मजकूर कुठे तोडायचा हे असे ठरलेले शब्दच सांगतात. ‘विनंती उपरी’ म्हणजे नमस्कार-विनंती झाल्यानंतर. ‘विशेष’ म्हणजे खुशाली संपली, आता कामाचे. त्याला ‘स्पेशल’ किंवा ‘स्पेशली’ लावू नका. तिथे नवा परिच्छेद सुरू केला की त्या शब्दाचे भाषांतर झाले.

‘ता।’ वाचताना हमखास फसगत होते. आज आपण ‘ता.’ म्हणजे तारीख समजतो, इथे ते ‘तागायत’ आहे : अमुक दिवसापर्यंत आम्ही खुशाल आहोत. आणि ‘स्वकीय’ लिहिणाऱ्याचे नव्हे, वाचणाऱ्याचे. ‘जाणोन’ आणि ‘लेखन करीत जावे’ या दोन्हींचा कर्ता पत्र घेणारा आहे, म्हणून ‘स्वकीय कुशल’ म्हणजे तुमची खुशाली. एकूण वाक्य इंग्रजीत असे होईल : ‘ऑल इज वेल विथ अस ॲज ऑफ १७ जानेवारी १७६१. प्लीज कीप रायटिंग टू टेल अस हाऊ यू आर.’

ही तारीख कशी आली ते नीट पाहू, कारण भाषांतरातल्या सगळ्यात महागड्या चुका इथेच होतात. ‘छ’ हे चंद्राचे संक्षिप्त रूप, म्हणजे मुसलमानी महिन्याचा दिवस. जमादिलाखर हा त्यातला सहावा महिना. वर्ष मात्र हिजरी नाही, सुहूर आहे. त्यातले अरबी आकडे एकंपासून वर वाचायचे : इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. पुष्कळ पत्रांत ‘मया व अलफ’ गाळून नुसते ‘इहिदे सितैन’ लिहितात, तेव्हा शतक मजकुरावरून ठरवावे लागते.

सुहूर वर्ष सूर्य मृगात गेला की बदलते, म्हणजे त्या काळी साधारण जूनच्या आरंभी. म्हणून जून ते डिसेंबरमधल्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेमधल्या पत्राला ६००. सुहूर ११६१ म्हणजे जून १७६० ते जून १७६१. या बारा महिन्यांत जमादिलाखर एकदाच येतो, तो हिजरी ११७४ मधला, जानेवारी १७६१ चा. त्याची १० तारीख जंत्रीत १७ जानेवारीला पडते. चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस मागेपुढे होऊ शकतो, तेवढी तळटीप द्यावी.

आता चूक कशी होते ते बघा. ११६१ हे हिजरी समजले तर १७४८ साल निघते, तेरा वर्षांची गफलत. सरसकट ५९९ मिळवले तर जानेवारी १७६० येतो आणि पत्र पानिपतच्या वर्षभर आधीचे ठरते. खरे तर ते १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर अवघ्या तीन दिवसांचे आहे. अशा पत्राचा सगळा अर्थच त्या एका आकड्यावर फिरतो. पडताळा घ्यायला तिथी कामी येते. छ चा आकडा तिथीच्या एक-दोन दिवस मागे चालतो. लढाईच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, तेव्हा छ १० च्या आसपास शुद्ध एकादशी-द्वादशी हवी. पत्रात वद्य पक्ष दिसला तर वाचन पुन्हा तपासा.

कागदावर वेगळ्या हाताने ‘पै॥’ लिहून आणखी एक तारीख असेल, तर ती पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची. ती लिहिल्याची तारीख म्हणून देऊ नये.

मायन्यात फार अडकू नका, पण नाते घाईने ठरवू नका. ‘तीर्थरूप’ वडील असतीलच असे नाही, काका किंवा थोरला भाऊही असू शकतो. ‘चिरंजीव’ पुतण्याही असेल. नाते दुसरीकडून कळेपर्यंत इंग्रजीत ‘फादर’, ‘सन’ लिहू नये, नाव लिहून तळटीपेत वडीलधारा की धाकटा एवढेच सांगावे. शेवटचे ‘लोभ असो दिजे’ हे ‘विथ अफेक्शन’ इतके सरळ आहे. शब्दकोशातला ‘ग्रीड’ तिथे आणला तर पत्र लिहिणाऱ्यावर अन्याय होतो. ‘मोर्तब सुद’ हा तर मजकूरच नव्हे, पत्र संपल्याच्या शिक्क्याची अक्षरे आहेत. ती भाषांतरात न आणता ‘शेवटी मोर्तबाचा शिक्का’ अशी नोंद करावी.